दबलेलं लाकूड, तुटलेलं लाकूड

मिस्त्रींनी आधी खोलीतला दिवा मालवायला सांगितला. मग खिशातली बॅटरी काढून ती टेबलाच्या पृष्ठभागावर जवळजवळ आडवी धरली. वरून पडणाऱ्या उजेडात ज्या टेबलावर एकदोन डागांपलीकडे काही दिसत नव्हतं, त्यावर आता तीन सावल्या उमटल्या. एक गोल, दोनाच्या नाण्याएवढी. एक लांबट, बोटभर. तिसरी लहान, पण कडा धारदार असलेली.

"हे दोन येतील वर," मिस्त्री म्हणाले. "हा तिसरा नाही यायचा."

टेबल पुण्यातल्या एका निवृत्त शिक्षिकेचं. सहा माणसांचं, सागवानी, त्यांच्या सासऱ्यांनी करवून घेतलेलं. गोल पोचा खलबत्त्यातला पितळी बत्ता हातातून निसटून पडल्याचा. लांबट पोचा शिलाई मशीन टेबलावर ठेवताना तिच्या बुडाची कड आपटल्याचा. तिसरी जखम लोखंडी ट्रंकेच्या कोपऱ्याची. दुसऱ्या एका कारागिराने बाईंना सांगितलं होतं, की सगळं टेबल मशीनने घासून सपाट करू, उरलं तिथे लांबी भरू. बाईंना ते पटेना, म्हणून हे मिस्त्री आले. ते मूळचे सातारा भागातले. पुण्याच्या टिंबर मार्केटजवळ त्यांचं छोटं दुकान आहे आणि जुन्या फर्निचरची डागडुजी आणि पॉलिश हे त्यांचं काम. येताना त्यांनी पिशवीतून आणलं होतं ते एवढंच: साधी, वाफेची भोकं नसलेली इस्त्री, जुन्या सुती धोतराचे तुकडे, ड्रॉपर, स्पिरिटची बाटली, पोलादी पट्टी आणि थोडा पॉलिश पेपर.

ओल्या फडक्यावरून इस्त्री फिरवली की लाकडाचा पोचा वर येतो, हे पुष्कळांनी ऐकलेलं असतं. तो का येतो, हे कळलं की तो कधी येणार नाही हेही आपोआप कळतं. मिस्त्री ते एका वाक्यात सांगतात: लाकूड गेलेलं नाही, दबलेलं आहे.

सागाची फळी आपल्याला भरीव वाटते, पण ती आतून पोकळ असते. झाड उभं असताना ज्या पेशींमधून पाणी वर चढायचं आणि ज्यांच्या आधाराने खोड उभं राहायचं, त्या लांबट, पोकळ पेशी एकमेकींना चिकटून फळीच्या लांबीने पसरलेल्या असतात. वाळल्या गवताच्या काड्यांची घट्ट बांधलेली जुडी डोळ्यांसमोर आणावी. तिच्यावर वरून जड वस्तू पडली की वरच्या थरातल्या काड्या चपट्या होतात. काडी मोडून वेगळी झाली नसेल, तर तिचा कण न् कण जागेवरच असतो. नाहीशी झालेली असते ती तिच्या आतली पोकळी.

मग चपटी झालेली पेशी आपणहून परत का फुगत नाही? कारण तिची भिंत कोरडी असते. या भिंतीत सेल्युलोजचे बारीक, बळकट धागे असतात आणि त्या धाग्यांना धरून ठेवणारे दोन पदार्थ असतात, हेमिसेल्युलोज आणि लिग्निन. लाकूड कोरडं आणि थंड असतं तेव्हा हे दोन्ही कडक असतात. आघाताने भिंत वाकली की ते तिला त्या वाकलेल्या आकारातच घट्ट धरून बसतात. धाग्यांमधला ताण मात्र संपलेला नसतो, तो आत अडकून राहतो. ओलावा पोचला की हेमिसेल्युलोज मऊ पडतं. लिग्निनला ओलाव्याबरोबर उष्णताही लागते. ओल्या लाकडात ते पाण्याच्या उकळबिंदूच्या आसपास किंवा त्याच्या थोडं खाली मऊ होतं, कोरड्या लाकडात मात्र त्याहून बरीच जास्त उष्णता लागते. म्हणून नुसतं पाणी टाकलं तर पोचा थोडासा उठतो आणि थांबतो, नुसती इस्त्री टेकवली तर लाकूड करपतं. दोन्ही एकत्र आली की पकड सुटते, अडकलेला ताण मोकळा होतो आणि भिंत आपल्या जुन्या आकाराकडे सरकते.

तिसऱ्या जखमेचं कारणही यातच आहे. ट्रंकेच्या कोपऱ्याने काड्या दाबल्या नव्हत्या, कापल्या होत्या. कापलेल्या धाग्याला वर ढकलणारं काही उरत नाही. मिस्त्रींनी बाईंना भिंग देऊन दोन्ही जागा दाखवल्या. गोल पोच्यात सागाच्या गडद रेषा काठावरून आत उतरत होत्या, तळातून जात होत्या आणि पलीकडे चढत होत्या, कुठेही न तुटता. ट्रंकेच्या जखमेत त्या काठाशीच संपत होत्या. नखाने तपासलं तरी हा फरक समजतो. पोच्याच्या उतारावरून नख घसरतं, कापलेल्या कडेला अडतं.

खोली मोजायची मिस्त्रींची रीत मला आवडली. पोलादी पट्टी पोच्यावर आडवी ठेवायची आणि खालच्या फटीत व्हिजिटिंग कार्डं सरकवायची. गोल पोच्यात पाच कार्डं गेली, म्हणजे साधारण दीड मिलिमीटर. लांबट पोच्यात दोन. पुढे प्रत्येक फेरीनंतर किती कार्डं जातात यावरून प्रगती कळणार होती. डोळ्यांवर अशा कामात भरवसा ठेवता येत नाही, कारण ओलं लाकूड गडद दिसतं आणि गडद जागा खोल भासते.

पण इस्त्री तापवायच्या आधी एक प्रश्न सोडवायचा होता आणि घरी हा उपाय करणाऱ्यांचं बहुतेक नुकसान इथेच होतं. लाकडावर पॉलिश कुठलं आहे? मिस्त्रींनी टेबलाच्या खालच्या बाजूला, कुणाच्या नजरेला न पडणाऱ्या कोपऱ्यात, स्पिरिटमध्ये भिजवलेला बोळा घासला. बोळा तपकिरी झाला आणि ती जागा चिकट लागली. याचा अर्थ चपड्याचं पॉलिश, लाखेपासून केलेलं, जुन्या घरांतल्या फर्निचरवर हमखास सापडणारं. स्पिरिटला दाद न देता थिनरमध्ये विरघळलं असतं तर ते लॅकर. दोघांनाही दाद दिली नसती तर मेलामाइन किंवा पीयू.

लाख उष्णतेने लवकर मऊ पडते, त्यासाठी पाणी उकळण्याइतकी उष्णताही लागत नाही. वर ओलावा आला की तिच्या थरात पाणी शिरतं आणि पांढुरका डाग उमटतो. चहाचा गरम कप ठेवल्यावर उमटणारं पांढरं वर्तुळ ते हेच. म्हणजे चपड्यावर थेट ओलं फडकं आणि इस्त्री ठेवली तर पोचा वर येईलही, पण त्याभोवती हातभर पांढरा, चुरगळलेला, फडक्याची वीण उमटलेला पट्टा तयार होईल. मेलामाइन आणि पीयूचं उलटं आहे. ते सहज पांढरं पडत नाही, पण पाण्याला आतही जाऊ देत नाही. वर कितीही वाफ काढली तरी खालची पेशी कोरडीच. काही कारागीर अशा थराला बारीक सुईने, लाकडाच्या रेषांच्या दिशेने, डोळ्यांना न दिसणारी भोकं पाडतात आणि तिथून पाणी आत जाऊ देतात. मिस्त्रींना ही युक्ती माहीत आहे, पण ती त्यांच्या मनात बसत नाही. त्यांच्या मते भोकांतून गेलेला ओलावा थराखाली अडकतो आणि थर लाकडापासून सुटू लागतो. मला त्यांचं म्हणणं बरोबर वाटतं. पोचा काढायचा असेल तर तेवढ्या जागेवरचं पॉलिश आधी काढायची तयारी ठेवावी, नाहीतर तो तसाच राहू द्यावा. नुसतं मेण किंवा तेल दिलेल्या लाकडाला एवढी यातायात लागत नाही. मेण पुसून काढलं की सुरुवात करता येते.

मिस्त्रींनी पोच्याभोवतीचं गोल वर्तुळ न खरवडता त्या फळीची दोन सांध्यांमधली पूर्ण रुंदी स्पिरिटने मोकळी केली. नवं पॉलिश चढवताना त्याची सीमा सांध्यावर आली तर ती लपते. फळीच्या मधोमध आली तर कायम दिसत राहते. स्पिरिटचा आणखी एक उपयोग झाला. सागात नैसर्गिक तेलकटपणा असतो, त्यामुळे तो पाणी सावकाश पितो. स्पिरिटने पुसल्यावर वरचा तेलकटपणा कमी झाला आणि पाण्याला वाट मिळाली.

मग ड्रॉपरने गोल पोच्यात गरम पाणी टाकलं, काठोकाठ, बाहेर न सांडेल इतकं. दहा मिनिटांनी ते बरंचसं आत गेलं होतं. पुन्हा टाकलं. इथे घाई करण्यात अर्थ नसतो, आणि पाण्याचा महापूर करण्यातही नसतो. लाकडाच्या पेशींच्या भिंती वजनाच्या साधारण तीस टक्क्यांपर्यंतच पाणी धरतात. त्यापुढचं पाणी नुसतं पोकळ्यांत साठतं, त्याने लाकूड आणखी फुगत नाही. ते सांध्यांत मात्र जातं आणि तिथला सरस किंवा फेव्हिकॉल सैल करतं.

फडकं सुतीच हवं. सिंथेटिक कापड इस्त्रीला चिकटतं आणि वितळून लाकडावर बसतं. रंगीत कापडाचा रंग ओल्या लाकडात उतरतो. धोतराचा तुकडा दुपदरी करून, भिजवून, पिळून मिस्त्रींनी पोच्यावर ठेवला. इस्त्री सुती कपड्यांच्या खुणेवर होती. टोकाचा भाग त्यांनी पोच्यावर टेकवला, पाच-सहा सेकंद, जागच्या जागी थोडा हलवत. चर्र आवाज आला, वाफ उठली, इस्त्री वर. फडकं उचलून पाहिलं, पुन्हा ओलं केलं, पुन्हा ठेवलं.

या वेळात फडक्याखाली जे घडतं त्यावर सगळं अवलंबून असतं. सुती कपड्यांच्या खुणेवर इस्त्रीचा तवा दोनशे अंश सेल्सिअसच्या आसपास तापतो. पण फडक्यात पाणी आहे तोवर लाकडाला लागणारी उष्णता शंभरच्या फार वर जात नाही, कारण जास्तीची उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. ती वाफ लाकडात शिरून थंड होते, पुन्हा पाणी होते आणि होताना आपली उष्णता पेशींना देते. त्यामुळे ओलावा आणि उष्णता दोन्ही हव्या त्या खोलीवर पोचतात. फडकं कोरडं पडलं की हे रक्षण संपतं, तापमान झरझर चढतं आणि काही सेकंदांत लाकडावर तपकिरी छाप बसतो. मिस्त्री आवाजावरून ओळखतात. चर्र आवाज बारीक होत गेला की इस्त्री उचलायची, तो थांबेपर्यंत वाट पाहायची नाही.

वाफेची इस्त्री का नाही, असं मी विचारलं. ती चालते, म्हणाले, पण तिच्या भोकांतून कधी क्षाराचं, कधी गंजाचं पाणी गळतं. ओल्या सागाला लोखंड किंवा गंज लागला की लाकडातल्या टॅनिनशी त्याची क्रिया होते आणि काळा-निळा डाग पडतो. तो घासून निघत नाही, त्याला ऑक्झॅलिक ॲसिडचं पाणी लागतं.

पहिल्या फेरीनंतर पट्टीखाली अजून पाच कार्डं जात होती, पाचवं जरा अडून. दुसरीनंतर चार. मग वेग वाढला. चौथ्या फेरीला दोन कार्डं उरली, कारण आता ओलावा खालच्या दबलेल्या थरापर्यंत पोचला होता. पुढे पुन्हा गती मंदावली. शेवटचं कार्ड जाईनासं झालं तेव्हा मिस्त्रींनी पट्टी बाजूला ठेवली, डोळे मिटले आणि तळहात फळीवरून फिरवला. पोच्याच्या जागी आता अगदी किंचित उंचवटा होता. त्यांनी इस्त्री बंद केली. लांबट पोच्याला एवढं काही लागलं नाही, दोन-तीन फेऱ्यांत तो सपाट झाला.

बाईंना वाटलं, आता लगेच घासून पॉलिश चढेल. मिस्त्री सामान आवरू लागले. "ताई, आता दोन दिवस हात लावायचा नाही. पंखासुद्धा जोरात नको. उन्हात तर नकोच."

कारण तो उंचवटा पूर्णपणे खरा नाही. पेशी आपल्या आकाराला परत आल्या आहेत, पण त्यांच्या भिंतींत पाणीही भरलेलं आहे आणि त्या पाण्याने त्या फुगलेल्या आहेत. पाणी गेलं की त्या थोड्या बसतात. आज हा उंचवटा घासून सपाट केला, तर परवा सुकल्यावर तिथेच नवा खळगा दिसेल. मग मात्र तो वाफेने भरून येणार नाही, कारण तिथलं लाकूड पॉलिश पेपरवर गेलेलं असेल. सुकलं का हे बघायला मिस्त्री मनगटाची मागची बाजू टेकवतात. ओल्या जागेवरून पाणी उडत असतं, म्हणून ती शेजारच्या लाकडापेक्षा गार लागते. गारवा आणि रंगातला फरक दोन्ही गेले की जागा तयार. उन्हाळ्यात एक दिवस पुरतो, पावसाळ्यात तीन-चार लागतात.

आधी घासायचं आणि मग वाफ द्यायची, असा उलटा क्रम केला तर काय होतं, हे जपानी कोरीवकाम करणाऱ्यांनी शेकडो वर्षांपूर्वी हेरलं होतं. इदो काळात, म्हणजे 1603 ते 1868 दरम्यान, किमोनोच्या कमरपट्ट्याला बटवा अडकवण्यासाठी नेत्सुके नावाचे छोटे कोरीव गोटे वापरत. बेडकाच्या पाठीवरचे फोड किंवा उठावदार अक्षरांतली सही अशी बारीक कामं त्यांवर काही कारागीर उकिबोरी या पद्धतीने करत. बोथट हत्याराने लाकडावर हव्या त्या जागी खळगे दाबायचे. मग भोवतालचं लाकूड त्या खळग्यांच्या तळापर्यंत छिलून सपाट करायचं. आता पृष्ठभागावर काहीच दिसत नाही. नंतर त्यावर गरम पाणी घालायचं. दबलेलं लाकूड फुगून वर येतं आणि सपाट जागेवर टपोरे फोड उभे राहतात.

त्या कारागिरांनी जे मुद्दाम केलं, ते आपल्याकडे लाकडी जमिनींवर नकळत घडतं. फळ्या ठोकताना हातोडीचे पोचे पडतात. मशीन फिरवून जमीन सपाट केली जाते, पोच्यांच्या भोवतीचं लाकूड जातं, तळचं दबलेलं तसंच राहतं. मग कुणीतरी रोज ओल्या फडक्याने पुसायला लागतं, पावसाळा येतो, आणि खिळ्यांच्या आसपास बोटाला जाणवणारे उंचवटे उठतात. लोकांना वाटतं वाळवी लागली किंवा फळी कुजली. म्हणून बाईंच्या टेबलाला आधी मशीन लावायचा तो सल्ला मला घातक वाटतो. गोल पोचा नाहीसा करायला संपूर्ण टेबलाचं दीड मिलिमीटर लाकूड घासावं लागलं असतं, आणि तरीही तळाचा दबलेला थर पुढच्या ओलाव्याची वाट पाहत राहिला असता.

जमिनीच्या बाबतीत आणखी काही पाहावं लागतं. लाकडाचा कठीणपणा मोजायची जगभर वापरात असलेली पद्धत हीसुद्धा पोचा पाडण्याचीच आहे. गाब्रिएल यांका या ऑस्ट्रियन संशोधकाच्या नावाने ती ओळखली जाते. 11.28 मिलिमीटर व्यासाची पोलादी गोळी लाकडात अर्धी रुतवायला किती जोर लागतो, तो मोजतात. सागाला साधारण पाचशे किलो वजनाइतका जोर लागतो, मऊ पाइनला त्याच्या निम्म्याहून कमी, आणि आपल्या शिसवीला सागाच्या दुपटीहून जास्त. म्हणून पाइनच्या जमिनीवर बारीक टाचेची चप्पलही पोचे पाडते. ते सहज पडतात आणि सहज वरही येतात. शिसवीवर पोचा पडायला मोठा आघात लागतो, आणि तेवढ्या आघातात धागे तुटलेले असण्याची शक्यता जास्त असते.

पण हे सगळं अखंड लाकडाच्या फळ्यांचं झालं. फ्लॅटमध्ये आजकाल जी लाकडी म्हणून विकली जाते, ती बरीचशी जमीन लॅमिनेट असते. वर छापील कागद आणि प्लास्टिकचा थर, खाली दाबून बनवलेली फायबरची पाटी. तिला पोचा पडला तर इस्त्री अजिबात लावू नये. एमडीएफचंही तसंच. त्यातले लाकडाचे तंतू कारखान्यात दाबूनच पाटी बनलेली असते. ओलावा आणि उष्णता मिळाली की पोच्याचेच काय, आजूबाजूचे सगळे तंतू आपली दबलेली अवस्था सोडतात आणि ती जागा फुगून वर येते. ती पुन्हा बसत नाही. प्लायवर व्हिनियर चिकटवलेलं असेल तर लाकडाचा थर अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतो आणि त्याखाली गोंद. पोचा त्या थराखालच्या प्लायमध्ये असतो, वाफ मात्र आधी गोंदाला गाठते आणि व्हिनियरला फुगवटा येतो. एकावर एक थर दिलेल्या इंजिनिअर्ड जमिनीत वरचा थर दोन मिलिमीटर किंवा अधिक असेल, तर उथळ पोच्यावर एखाददुसरी हलकी फेरी देता येते, पण सांध्यात पाणी जाणार नाही याची काळजी घेऊन. आपली जमीन कुठल्या जातीची आहे हे कळायला उंबऱ्याची पट्टी काढून फळीची कड पाहावी. लाकडाच्या रेषा वरून खालपर्यंत एकसंध असतील तर ती अखंड फळी.

तिसऱ्या दिवशी मिस्त्री परत आले. गोल पोच्याची जागा पट्टीला सपाट लागत होती, बॅटरीच्या आडव्या उजेडातही सावली पडत नव्हती. वाफेने उठलेली लव मात्र हाताला खरखरीत लागत होती. ती त्यांनी लाकडी ठोकळ्याला गुंडाळलेल्या पॉलिश पेपरने, आधी 220 आणि मग 320 नंबरच्या, रेषांच्या दिशेने चार-सहा हात फिरवून काढली. ट्रंकेच्या जखमेत एक-दोन फेऱ्यांनी कडेचं दबलेलं लाकूड थोडं वर आलं होतं, कापलेली खाच तशीच होती. तिच्यात त्यांनी गडद रंगाची लाखेची कांडी गरम पात्याने वितळवून भरली, गार झाल्यावर पात्यानेच फळीच्या बरोबरीला आणली आणि बारीक कुंचल्याने तिच्यावरून सागाची एक रेष ओढली.

मग चपडा. स्पिरिटमध्ये विरघळवलेला, कापसावर मलमल गुंडाळलेल्या पुरचुंडीने, पातळ पातळ थर, प्रत्येक थर सुकू देत. मोकळी केलेली फळी सुरुवातीला शेजारच्या फळ्यांपेक्षा फिकी दिसत होती. तिसऱ्या-चौथ्या थराला तिचा रंग बाकीच्यांशी जुळू लागला. जाताना मिस्त्रींनी बाईंना बजावलं: आठ दिवस या टेबलावर ओला कपडा फिरवायचा नाही, आणि कुकर तर थेट कधीच ठेवायचा नाही, खाली जाड चटई हवी.

बाईंनी खलबत्ता ओट्यावर हलवला आहे.